कपभर चहा की बादलीभर कोमट पाणी: गरम जास्त काय आणि उष्णता जास्त कशात?

एका बाजूला कपात १५० मिली चहा, तापमान ८० अंश सेल्सिअस. दुसऱ्या बाजूला मोठी बादली, त्यात २० लिटर पाणी, तापमान ४० अंश. यातलं जास्त गरम काय असं विचारलं तर कुणीही चहाकडे बोट दाखवेल आणि ते बरोबरच आहे. पण उष्णता कशात जास्त असं विचारलं तरी बरेच जण चहाच म्हणतात, आणि इथे गाडी घसरते, कारण बादली चहापेक्षा कितीतरी पटीने पुढे आहे. म्हणून समोर आलेला प्रश्न तापमानाचा आहे की उष्णतेचा हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी या दोघांची तुलना करतोय.

आधी तापमान. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे धडपडत असतात, त्या धडपडीची सरासरी ऊर्जा किती आहे हे तापमान सांगतं. सरासरी हा शब्द पकडून ठेवा. कपातला अर्धा चहा दुसऱ्या, आधीच गरम करून ठेवलेल्या कपात ओतला तर दोन्हीकडे तापमान ८० अंशच राहणार, ४०-४० होणार नाही. उष्णता मात्र निम्मी-निम्मी वाटली गेली. म्हणजे वस्तू केवढी आहे याच्याशी तापमानाला देणंघेणं नाही, उष्णतेला आहे.

आता किती उष्णता ते मोजू. मला यासाठी बर्फाची कसोटी सगळ्यात आवडते कारण तिथे आकडा डोळ्यांना दिसतो. चहात शून्य अंशाचा बर्फ टाकत राहायचं, जोवर वितळतोय तोवर, आणि बादलीतही तसंच. हिशोब असा:

`Q = m × c × ΔT`

म्हणजे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक. पाण्याचा विशिष्ट उष्मा साधारण ४.२, म्हणजे १ किलो पाणी १ अंशाने थंड झालं की ४.२ किलोज्यूल बाहेर पडतात. चहा बहुतांशी पाणीच असतो म्हणून त्यालाही तोच आकडा धरू. चहा ८० वरून शून्यावर येताना ०.१५ × ४.२ × ८० म्हणजे सुमारे ५० किलोज्यूल देतो. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, तर चहाने वितळला जेमतेम १५० ग्रॅम बर्फ, म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनाएवढा. आणि बादली? २० × ४.२ × ४० म्हणजे ३,३६० किलोज्यूल. १० किलो बर्फ! हवेत आणि भांड्यात जाणारी उष्णता इथे सोडून दिलीये, ती धरली तर आकडे थोडे हलतील, निकाल हलत नाही.

तापमान निम्मं असून बादली जिंकली कारण तिच्यात पाणी १३३ पट जास्त आहे. पण एक गोष्ट इथे नीट बघायला हवी, बादलीत चहाच्या ६७ पट उष्णता आहे असा कायमचा शिक्का मारता येत नाही. आपण शून्य अंशापर्यंत थंड केलं म्हणून ६७ पट आलं. २५ अंशाच्या खोलीत दोन्ही नुसतं ठेवलं आणि खोलीएवढं थंड होऊ दिलं तर चहा सुमारे ३५ किलोज्यूल देईल आणि बादली १,२६०, म्हणजे ३६ पट. काटेकोर बोलायचं तर वस्तूच्या आत असते ती आंतरिक ऊर्जा, आणि तापमानातल्या फरकामुळे एकीकडून दुसरीकडे जाते ती उष्णता, त्यामुळे कुठून कुठवर थंड झालं हे सांगितल्याशिवाय उष्णतेचा आकडा अर्धवटच राहतो.

सगळ्यात जास्त गोंधळ पुढे आहे. कप चहासकट बादलीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून धरला, चहा आणि पाणी एकत्र होऊ न देता, तर उष्णता कुठून कुठे जाईल? बादलीकडे साठा प्रचंड आहे म्हणून तिच्याकडून कपाकडे जाईल असं वाटू शकतं, पण जाते ती चहाकडूनच पाण्याकडे. दिशा ठरते ती फक्त तापमानावरून, साठा कितीही असो. दोघांचं तापमान सारखं होईपर्यंत हे चालतं, ते झालं की थांबतं, आणि थांबतं तेव्हा बादलीचं पाणी वाढलेलं असतं फक्त ०.३ अंश. चहा ८० वरून जवळजवळ ४० वर आला आणि बादलीला त्याचा पत्ताही लागला नाही. साध्या थर्मामीटरवर ०.३ अंश दिसणंही कठीण.

भाजण्याचा प्रश्न आधी तापमानाचाच. त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं, ४० अंशाच्या पाण्यात फरक थोडा म्हणून उष्णता हळू शिरते आणि हात आरामात राहतो, मागे हजारो किलोज्यूल असले तरी. ८० अंशाचा चहा सांडला तर फरक मोठा आणि त्वचा पटकन भाजते. मात्र इथे नुसतं तापमान बघूनही भागत नाही, त्याच चहाचा एक बारीक थेंब हातावर उडाला तर चटका बसतो आणि संपतो, कारण थेंबात द्यायला फारसं काही नसतंच, लगेच थंड होतो. अख्खा कप सांडला की तापमान तेच पण त्वचा तापवत राहायला मागे माल भरपूर असतो.

किती वेळ गरम राहील, किती वेळ तापवावं लागेल, हे प्रश्न उष्णतेचे. १ किलोज्यूल गेला की चहा दीड अंशापेक्षा जास्त उतरतो, बादली अंशाच्या शंभराव्या भागाएवढी. बादलीच्या पृष्ठभागातून उष्णता जास्त जाते हे खरं, पण साठ्याच्या मानाने ते काहीच नाही, म्हणून चहा पिण्याजोगा होऊन गार होतो तेव्हाही बादली कोमटच असते.

तापवतानाही तेच. १,५०० वॅटचा हीटर सेकंदाला १.५ किलोज्यूल देतो. २५ अंशाचं कपभर पाणी ८० वर न्यायला हिशोबाने २३ सेकंद, आणि २० लिटर पाणी नुसतं ४० वर न्यायला १४ मिनिटं. प्रत्यक्षात दोन्हीकडे थोडं जास्तच लागेल. पण बादलीत रॉड टाकून हे मोजायला गेलात आणि दहाव्या मिनिटालाच थर्मामीटरने ४० दाखवलं तर हिशोब चुकला असं समजू नका. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, रॉडच्या वळ्याखालचं पाणी बराच वेळ गार असतं, आणि थर्मामीटर फक्त जिथे बुडवलाय तिथलं सांगतो. हीटर बंद करून प्लग काढा, रॉड बाहेर घ्या, पाणी तळापासून चांगलं ढवळा आणि मग मोजा. आकडा ३५-३६ च्या आसपास आला तर दहा मिनिटांचा हिशोब बरोबर जुळतो.