डिग्री, त्रिकोण की शेजार? दोन ग्राफ वेगळे ओळखण्याच्या तीन कसोट्या

मुंबईच्या इंजिनीअरिंगच्या पेपरात दोन ग्राफ शेजारी काढून ‘हे आयसोमॉर्फिक आहेत का?’ असं विचारलं, की हात आधी डिग्री सिक्वेन्सकडे जातो. जाऊ द्यावा, कारण ती मिनिटभरात होते. सिक्वेन्स जुळली नाही तर उत्तर ‘नाही’, विषय संपला. जुळली तर मात्र अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं, आणि मार्क जातात ते इथेच.

सहा बिंदूंचा प्रिझम आणि तीन-तीन बिंदूंचा पूर्ण बायपार्टाइट ग्राफ घ्या. दोन्हींत ९ कडा, प्रत्येक बिंदूची डिग्री ३. डिग्री इथे मुकी. त्रिकोण मोजले की प्रिझममध्ये २ सापडतात, दुसऱ्यात एकही नाही. परीक्षेतल्या बऱ्याच जोड्या इतक्यावर सुटतात.

पण त्रिकोणांनाही चकवणारी जोडी आहे, आणि तिचं मुंबईशी नातं आहे. मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये ती दाखवली.

पहिला ग्राफ बुद्धिबळाच्या हत्तीचा: ४×४ चा पट, एकाच ओळीतली किंवा एकाच स्तंभातली घरं जोडलेली. दुसरा श्रीखंडे ग्राफ: तोच पट, पण उजवी कड डावीला आणि वरची खालच्या कडेला चिकटवलेली. इथे प्रत्येक घर डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या आणि एकाच कर्णावरच्या दोन घरांना जोडायचं. दुसरा कर्ण चुकून जोडलात तर डिग्री ८ होते, तेव्हा हे आधी तपासा.

आता दोन्हींत १६ बिंदू, ४८ कडा, डिग्री ६. त्रिकोण ३२-३२. कुठल्याही दोन बिंदूंचे सामायिक शेजारी नेमके २, म्हणून चार लांबीची चक्रंही दोन्हीकडे ६०. अ‍ॅडजसन्सी मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूसुद्धा त्याच: ६ एकदा, २ सहा वेळा, −२ नऊ वेळा. एवढं जुळल्यावर ‘आयसोमॉर्फिक’ लिहायचा मोह होतो, आणि ते उत्तर चूक आहे.

फरक दिसतो तो शेजारात. एक बिंदू निवडा, त्याचे सहा शेजारी घ्या आणि फक्त त्यांच्या आपसातल्या कडा काढा. हत्तीच्या ग्राफात दोन सुटे त्रिकोण मिळतात, एक ओळीचा, एक स्तंभाचा. श्रीखंडे ग्राफात सहांची एक अखंड साखळी, म्हणजे षटकोन. कडा दोन्हीकडे सहाच, म्हणून नुसती मोजणी फसते. आकार पाहावा लागतो.

`networkx` वापरणाऱ्यांसाठी: `fast_could_be_isomorphic` डिग्री आणि त्रिकोणच पाहतं, त्यामुळे या जोडीला `True` म्हणतं. `could_be_isomorphic` क्लिकही मोजतं आणि `False` देतं. हत्तीच्या ग्राफात प्रत्येक बिंदू २ मॅक्सिमल क्लिकमध्ये असतो, श्रीखंडेच्या ग्राफात ६ मध्ये.

‘हो’ म्हणायचं असेल तर यातली एकही कसोटी पुरत नाही. कुठला बिंदू कुठे जातो याची एकास-एक यादी लिहावी लागते. बिंदूंची आणि कडांची संख्या सारखी असेल तर पहिल्या ग्राफाची प्रत्येक कड दुसऱ्यातल्या कडेवरच पडते एवढं तपासलं की झालं, उलट दिशा वेगळी तपासायची गरज नाही.