Permitir दाबलं आणि आत्याचे 38,000 गेले

लिहायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण परवा आमच्याच इमारतीतला एक पंजाबी मुलगा तीच लिंक घेऊन माझ्याकडे आला आणि विचारलं, "भाई, ये रूमवाला अ‍ॅप ठीक है क्या?" त्याच्या हातातून फोन अक्षरशः ओढून घेतला मी.

मी लिस्बनच्या बाहेर अमादोराला राहतो, हॉटेलच्या किचनमध्ये रात्रपाळी करतो. गेल्या ऑक्टोबरात घरमालकाने महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितली. इथे खोली मिळणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. माणसाआधी तुमचं आडनाव बघतात, मग दोन महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. तेव्हा आपल्या लोकांच्या एका ग्रुपवर आलेल्या लिंकवरून मी अ‍ॅप उतरवलं. प्ले स्टोअरवरचं नव्हतं, थेट फाइल होती. फोनने अनोळखी ठिकाणची फाइल म्हणून इशाराही दिला. मी पुढे गेलो. हे माझंच चुकलं, पण इथे नोकरीचा, भाड्याचा, रजेचा सगळा व्यवहार फोनवर चालतो आणि प्रत्येक अ‍ॅप काही ना काही मागतंच. रोज दहा वेळा "Continuar" दाबणारा माणूस अकराव्या वेळी थांबून वाचत नाही.

फोन पोर्तुगीजमध्ये होता. इथेच घेतलेला, आणि भाषा शिकायची म्हणून मुद्दाम तसाच ठेवलेला. अ‍ॅप उघडल्यावर आधी त्यांचंच एक सुंदर पान आलं, निळं, कुलपाचं चित्र असलेलं. त्यावर लिहिलं होतं की तुमच्या सुरक्षेसाठी ओळख तपासायची आहे. मग एकापाठोपाठ तीन खिडक्या.

पहिली: "Permitir que a app … tire fotos e grave vídeos?" फोटो आणि व्हिडिओ हे शब्द कळले, ओळख तपासणीसाठी कॅमेरा लागणारच, म्हणून होकार दिला. दुसरी: "Permitir que a app … grave áudio?" इथे मी "grave" हा शब्द इंग्रजीसारखा वाचला. वाटलं, आवाजात काही गंभीर बिघाड आहे आणि तो दुरुस्त करायची परवानगी मागतायत. "gravar" म्हणजे रेकॉर्ड करणे. म्हणजे सरळ विचारत होते, "या अ‍ॅपला आवाज रेकॉर्ड करू द्यायचा का?" दोन वर्षं झाली मला या देशात येऊन, आणि हा शब्द मला येत नव्हता.

तिसरी खिडकी: "Permitir que a app … aceda aos seus contactos?" या अ‍ॅपला तुमच्या संपर्कांपर्यंत जाऊ द्यायचं का?

हाच तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला हीच खिडकी दिसते. आधीच्या दोन खिडक्यांवर तीन बटणं होती: "Durante a utilização da app", म्हणजे अ‍ॅप वापरात असेपर्यंत, "Apenas desta vez", म्हणजे फक्त या वेळी, आणि "Não permitir", नकार. तिसऱ्या खिडकीवर दोनच बटणं, "Permitir" आणि "Não permitir". बटण कमी झालेलं मला दिसलं, डोळ्यांनी दिसलं. आणि खोली शोधायला माझ्या आत्याचा नंबर कशाला हवा, हा प्रश्न एका सेकंदापुरता मनात आला होता. पण ड्यूटीला जायला वीस मिनिटं उरली होती, आणि मी Permitir दाबलं.

बटण का कमी होतं ते नंतर एका मित्राने समजावलं. कॅमेरा, माइक आणि लोकेशनला अँड्रॉइड 11 पासून "फक्त या वेळी"चा पर्याय आहे. संपर्कांना नाही. तिथे अर्धवट काही नाही, दिलं तर सगळं दिलं. नाव आणि नंबरच नाही, तर ईमेल, वाढदिवस, पत्ता आणि संपर्कात लिहून ठेवलेली टीपसुद्धा. शिवाय वाचणं आणि बदलणं या परवानग्या एकाच गटात येतात. एक दिली की दुसरीसाठी अ‍ॅप पुन्हा विचारतही नाही. आणि इंटरनेट वापरायची परवानगी अँड्रॉइड कधीच विचारत नाही, ती अ‍ॅपला आपोआप मिळते. म्हणजे यादी वाचली की लगेच तिकडे पोचली. नंतर परवानगी काढा, अ‍ॅप उडवा, गेलेली यादी परत येत नाही.

आणखी एक गोष्ट, ही नीट वाचा. अँड्रॉइडच्या त्या खिडकीत "कशासाठी" हे कधीच लिहिलेलं नसतं, फक्त "काय" लिहिलेलं असतं. "कशासाठी" ते सांगणारं कुलपाचं पान अ‍ॅपवाल्याने स्वतः बनवलेलं असतं, त्यात त्याला हवं ते तो लिहितो. आयफोनवर खिडकीच्या आतच कारण दिसतं, पण ते वाक्यही अ‍ॅपवालाच लिहितो, अ‍ॅपल नाही. माझा विश्वास बसला तो पानावर, आणि परवानगी दिली ती खिडकीवर.

मग अ‍ॅपमधूनच व्हिडिओ कॉल आला. हिंदी बोलणारी बाई, मृदू आवाजाची. ओडिवेलाशला खोली, भाडं 380 युरो. आधी 45 युरो तपासणी फी, मग 300 युरो टोकन. दोन्ही मी MB WAY ने पाठवले, माझ्याच हाताने. मग ती म्हणाली, घर सांभाळणाऱ्या काकू मराठी आहेत, त्यांच्यासाठी तुमच्या भाषेत दोन वाक्यं बोला. काय बोलायचं तेही तिनेच हिंदीत सांगितलं. मी कॅमेऱ्यात बघून बोललो: "मी लिस्बनमध्ये आहे, आज डिपॉझिट भरायचंय, थोडे पैसे कमी पडतायत, जरा सांभाळून घ्या." मग तिने सांगितलं, अ‍ॅप बंद करू नका, मालक बघतायत. फोन ओट्यावर उभा ठेवून मी कपडे बदलले, आईशी दुसऱ्या फोनवर बोललो. वर कोपऱ्यात हिरवा ठिपका चालूच होता. अँड्रॉइड 12 पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की तो दिसतो. मला वाटलं बॅटरीचा असेल. "Durante a utilização" म्हणजे तुम्ही अ‍ॅपशी बोलत असताना नव्हे, तर अ‍ॅप समोर उघडं असेपर्यंत. आणि उघडं असताना सुरू झालेली रेकॉर्डिंग, वर सूचनापट्टीत त्याची सूचना ठेवून, तुम्ही दुसरीकडे गेलात तरी चालू राहू शकते.

दोन दिवसांनी मावसभावाचा फोन. "तुझा नवीन नंबर सेव्ह केलाय, 12,500 मिळाले ना?"

नंबर +351चा, म्हणजे इथलाच वाटावा असा. डीपीवर माझा चेहरा, त्याच व्हिडिओतला, मागे माझ्या किचनची टाइल. आणि व्हॉइस मेसेजमध्ये माझाच आवाज, "सांभाळून घ्या" कापून टाकलेला: "मी लिस्बनमध्ये आहे, आज डिपॉझिट भरायचंय, थोडे पैसे कमी पडतायत." खाली यूपीआय आयडी, भारतातला. यादीत नावं मी जशी ठेवली होती तशी त्यांना मिळाली: "आत्या सांगली", "मावसभाऊ पुणे". कोणाकडे मागायचं हे त्यांना शोधावं लागलंच नाही, मीच नात्यासकट लिहून ठेवलं होतं. आत्याने 38,000 पाठवले. कॉलेजच्या एका मित्राने 5,000. एकूण 55,500 रुपये आणि माझे 345 युरो.

आत्याला फोन केला तर ती आधी म्हणाली, "अरे, तुझाच आवाज होता की रे बाळा." मग गप्प झाली. ते पैसे तिने दाराच्या ग्रीलसाठी ठेवले होते.

आमच्याकडे सगळे म्हणतायत फोन हॅक झाला. नाही झाला. या तीन परवानग्यांतून ना बँकेचा ओटीपी जातो, ना व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा, ना गॅलरीतले जुने फोटो, ना साध्या फोनकॉलचं पलीकडचं बोलणं. त्यांच्या परवानग्या वेगळ्या असतात. त्यांनी फोन फोडला नाही. त्यांना माझी माणसं, माझा चेहरा आणि माझा आवाज हवा होता, आणि तेवढंच त्यांनी मागितलं.

आता चौक्यांबद्दल. इथल्या ठाण्यात मी सकाळी नऊला गेलो, नंबर लागला साडेअकराला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, पैसे तुम्हीच पाठवलेत. मी "burla" म्हणालो, फसवणूक, हा शब्द मी घरून पाठ करून गेलो होतो. तो म्हणाला, अ‍ॅप दाखवा. मी तर रागाच्या भरात अ‍ॅप उडवलेलं! अ‍ॅपचं नाव, लिंक, कॉलची वेळ, कशाचाच स्क्रीनशॉट नाही. तुम्ही असं करू नका, आधी सगळ्याचे फोटो घ्या, मग उडवा. रुपयांचं काय, विचारलं तर म्हणाले ते भारताचं प्रकरण. तिकडे आत्या ठाण्यात गेली तर तिला सांगितलं, नंबर परदेशी आहे, मुलाला तिकडेच तक्रार करू दे. पासष्टीची बाई, गुडघा दुखतो, तिला तीन वेळा बोलावलं आणि तिसऱ्या वेळी साहेब जेवायला गेलेले. तिच्या बँकेत म्हणाले, तुम्ही स्वतः पिन टाकलाय. माझ्या इथल्या बँकेतही तेच, फक्त पोर्तुगीजमध्ये. पिन टाकला हे आम्हाला माहीत आहे हो! कोणाचा चेहरा लावून टाकायला लावला, हे विचाराल की नाही कोणी? दोन देश, दोन बँका, दोन ठाणी, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, आत्याने फोन केला तो चौथ्या दिवशी, तोवर पैसे पुढे सरकलेले. तो फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं, मीही नाही.

तुमचा फोन पोर्तुगीजमध्ये असेल तर आत्ता Definições उघडा, Privacidade मध्ये जा, तिथे Gestor de autorizações दिसेल. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे असतील. त्यात Contactos वर जाऊन यादी बघा. माझ्याकडे एक टॉर्चचं अ‍ॅप बसलं होतं तिथे. आणि खिडकी कळत नसेल तर नकार द्या, काही बिघडत नाही, अ‍ॅपला खरंच गरज असेल तर ते पुन्हा विचारेल. फोनची भाषा मराठी करता येते, मीही आता केलीये. खिडकी फोनच्या भाषेत येते, अ‍ॅपच्या नाही.

आत्याचे पैसे मी महिना 4,000 करून फेडतोय, पाच हप्ते गेले. तो नंबर दोनदा रिपोर्ट केला. काल रात्री पुन्हा उघडून बघितला. डीपीवर अजून मीच आहे, मागे माझी पांढरी टाइल, आणि खाली लिहिलेलं: ऑनलाइन.