एका आठवड्यात तीन व्हिडिओ: टीझर स्क्रिप्टचा साचा काही महिने वापरल्यानंतर

घरगुती आणि लहान उद्योगांच्या खाद्यपदार्थांसाठी आम्ही स्क्रिप्ट लिहितो. नवीन पदार्थ बाजारात आणण्याआधी आठवडाभरात तीन छोटे व्हिडिओ सोडायचा साचा आता बऱ्यापैकी रूढ झाला आहे. सोमवारी पहिला, गुरुवारी दुसरा आणि रविवारी तिसरा, ज्यात वस्तू समोर येते आणि ऑर्डर उघडते. काही महिने वापरल्यावर आमचं मत असं: साचा उपयोगी आहे, पण मुळात जसा सांगितला जातो तसा चालत नाही. पहिल्या व्हिडिओत वस्तू झाकून ठेवायची, दुसऱ्यात थोडी झलक, तिसऱ्यात पडदा दूर, असा त्याचा मूळ आराखडा. मोठ्या नावाच्या कंपनीला हे जमतं, कारण लोक आधीपासून वाट बघत असतात. ज्याचं नावच माहीत नाही त्याने कापडाखाली डबा ठेवून ‘लवकरच येत आहे’ म्हटलं, तर बघणारा अंगठ्याने पुढे सरकतो. लहान उत्पादकाने वस्तू झाकावी, पण अडचण उघडी दाखवावी. हा एक बदल केला की बाकीचा साचा बऱ्यापैकी कामाला येतो.

उदाहरण म्हणून उकडीच्या मोदकाची पिठी घेऊ. मुदत ठरलेली आणि अडचण प्रत्येक घराला ठाऊक असलेली, म्हणून या साच्याला ही वस्तू फार चांगली बसते. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. कुरियरला चार-पाच दिवस आणि पार्सल अडकलं तर हाताशी आणखी दोन दिवस धरले, तर ऑर्डर रविवारी 17 तारखेला उघडायला हवी. म्हणजे व्हिडिओ 11, 14 आणि 17 ऑगस्टला. 15 ला स्वातंत्र्यदिन आणि 16 ला दहीहंडी, या दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर झेंडे आणि थर असतात, तेव्हा काहीही टाकू नये. तारखा नेहमी अशा उलट्या मोजाव्यात. वस्तू घरात कधी पोहोचली पाहिजे तिथून मागे यायचं. शूटिंग कधी उरकतं त्यावरून तारीख ठरवली, की तिसरा व्हिडिओ हमखास उशिरा पडतो.

पहिला व्हिडिओ 15 सेकंदांचा. मराठी निवेदन सावकाश आणि स्पष्ट बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, त्यामुळे 15 सेकंदांत पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे जाऊ नये. यात पाकीट नाही, नाव नाही.

> (अगदी जवळून: पारीला कळ्या पाडणारी बोटं. तिसऱ्या कळीला कड चिरते.)
> निवेदन: सारण जमलं. कळ्याही पडायला लागल्या. आणि इथे कड चिरली.
> (मोदकपात्राचं झाकण उघडतं. एका मोदकातून गूळ बाहेर आलेला.)
> निवेदन: हात तुमचा चांगलाच आहे. पिठीकडे एकदा बघा. गुरुवारी दाखवतो.

चिरलेली कड पहिल्या दोन सेकंदांत दिसलीच पाहिजे. समई, रांगोळी, आरतीचं संगीत यांनी सुरुवात केली तर दृश्य सुंदर दिसतं, पण ते इतर हजार व्हिडिओंसारखंच दिसतं. चिरलेली पारी बघून मोदक करणारी प्रत्येक व्यक्ती थांबते. शेवटच्या ओळीत ‘गुरुवारी’ हा वार ठेवावा. ‘लवकरच’ हा शब्द आम्ही स्क्रिप्टमधून कायमचा काढला.

दुसरा व्हिडिओ साच्यातला सर्वांत कच्चा भाग आहे. मूळ आराखड्यात तिथे ‘आणखी थोडी झलक’ एवढंच असतं आणि म्हणून बहुतेकांचा गुरुवार पोकळ जातो. पहिल्यात विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे द्यायचं. ते दिलं तर तिसऱ्यासाठी काय उरणार, अशी भीती उत्पादकाला वाटते. पण उत्तर कळलं म्हणून कोणी चार दिवसांत तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळून आणत नाही. किती काम आहे ते कळतं, आणि तयार पिठीची किंमत तिथेच पटते.

> (दोन ताटल्या, दोन पिठ्या. बोटांमध्ये चोळून: एक रवाळ, एक मऊ.)
> निवेदन: रवाळ पिठी पाणी सावकाश पिते. उकड वरून झाली वाटते, आत कोरडीच राहते.
> (दोन्हींसाठी एक वाटी पिठी, एक वाटी पाणी. मापं चौकटीत दिसतात.)
> (दोन पाऱ्या, शेजारी शेजारी, एकाच वेळी कळ्या.)
> निवेदन: नवा आंबेमोहर, धुऊन सावलीत वाळवलेला, बारीक दळून चाळलेला. उकड गरम असतानाच मळली. कड बघा.

हे निवेदन पंचवीस-सव्वीस शब्दांचं, व्हिडिओ पंचवीस सेकंदांपर्यंत. मापाचं दृश्य कापायचा मोह होतो, पण ते कापू नये. वाट्या दिसल्या नाहीत तर खाली पहिली प्रतिक्रिया ‘दुसऱ्यात पाणी कमी घातलंय’ अशीच येते, आणि ती रास्तही असते. तुलना खरी करावी: तेच पाणी, तेवढाच वेळ झाकण, तेवढंच मळणं. रवाळ पिठीची पारी मुद्दाम गार करून चिरवली तर अनुभवी बायकांना ते पारीच्या रंगावरून आणि कोरड्या पृष्ठभागावरून ओळखू येतं.

याच व्हिडिओतलं दुसरं जोखमीचं ठिकाण म्हणजे दावा. ‘या पिठीचे मोदक कधीच फुटत नाहीत’ असं वाक्य उत्पादकाला फार आवडतं. ते लिहू नये. कड चिरायला पिठी हे एक कारण आहे. गार झालेली उकड, कमी मळणं, पातळ सारण, मोदकपात्रात चढवण्याआधी वाळलेली पारी, ही बाकीची कारणं पाकिटाच्या हातात नाहीत. चतुर्थीच्या सकाळी मोदक फुटला की ते वाक्य तसंच परत येतं. ‘उकड गरम असतानाच मळली’ हे चार शब्द म्हणून निवेदनात ठेवले आहेत. त्यात दाव्याची अटही येते आणि कृतीही.

तिसरा व्हिडिओ 20 सेकंदांचा आणि त्यात कुतूहल अजिबात नको. पाकीट पहिल्या सेकंदाला हातात, मग वजन, किंमत, कुठवर पोहोचेल, ऑर्डरची शेवटची तारीख.

> (पाकीट हातात, मागे वाफाळलेले मोदक.)
> निवेदन: ही ती पिठी. अर्ध्या किलोचं पाकीट. एकवीस मोदकांचा नैवेद्य होतो आणि पिठी उरते.
> (किंमत आणि ‘शेवटची ऑर्डर: 21 ऑगस्ट’ पडद्यावर.)
> निवेदन: चतुर्थीआधी घरी हवी असेल तर गुरुवारपर्यंत कळवा. ‘मोदक’ एवढंच लिहून पाठवा.

पाकिटाचं दृश्य लेबल छापून हातात आल्यावरच घ्यावं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर परवान्याचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत हे सगळं असावं लागतं, आणि नमुन्याच्या पाकिटावर त्यातलं काहीतरी हमखास राहिलेलं किंवा बदलणारं असतं. किंमत निवेदनात बोलू नये, फक्त पडद्यावर लिहावी. शेवटच्या दिवशी बदलली तर अक्षरं बदलता येतात, आवाज पुन्हा भरावा लागतो.

तिन्ही व्हिडिओंचं शूटिंग एकाच दिवशी, पण उलट्या क्रमाने करणं सोयीचं पडतं. ताजे मोदक झाकण काढल्यावर काही मिनिटंच चकाकतात, नंतर पृष्ठभाग मंद होतो, म्हणून तिसऱ्याचं दृश्य आधी. वाफेचं दृश्य घेताना फोन बाजूला, मोदकपात्रापेक्षा जरा खालच्या उंचीवर ठेवावा. वरून घेतलं की भिंगावर धुकं येतं आणि पुढची सगळी दृश्यं पुसट येतात. चित्र उभं, 1080 बाय 1920. खालच्या भागात इन्स्टाग्रामची नावं आणि बटणं येतात, तिथे तारीख लिहिली तर ती झाकली जाते. मजकूर मधल्या पट्ट्यात ठेवावा.

आता साच्याची खरी मर्यादा. ‘मालिका’ म्हटली की लोक एक, दोन, तीन असं बघतील असं गृहीत धरलेलं असतं. रील्समध्ये तसं होत नाही. जे तुम्हाला आधीपासून बघत नाहीत, त्यांच्यासमोर सोमवारचा व्हिडिओ शनिवारी येतो, कधी ऑर्डर बंद झाल्यावरही. त्यामुळे तिघांपैकी प्रत्येक व्हिडिओ एकटा बघितला तरी समजला पाहिजे. ‘काल दाखवलं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात चालत नाही. रविवारी ऑर्डर उघडल्याबरोबर पहिल्या दोन व्हिडिओंखालचा मजकूर बदलावा, वरच एक ओळ: ‘पिठी आता मिळते आहे, 21 ऑगस्टपर्यंत’. प्रोफाइलवर तीन पोस्ट वर टाचून ठेवता येतात, तिथे हे तीनच ठेवावेत. ही दहा मिनिटांची कामं न केल्याने बऱ्याच जणांचा पहिला व्हिडिओ चांगला चालूनही विक्रीला जोडला जात नाही.

ज्यांना क्रमाने दाखवायचं आहे त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप जास्त भरवशाचं. इथेही एक अडचण आहे. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना संदेश पोहोचतच नाही. पाठवणाऱ्याला मात्र तो गेलेला दिसतो. म्हणून सोमवारच्या व्हिडिओखाली मागणी एकच ठेवावी: नंबर जतन करा आणि ‘मोदक’ पाठवा. खरेदीचा उल्लेख नको. सोपं व्हावं म्हणून दुवा असा द्यावा, म्हणजे शब्द इंग्रजी अक्षरांत आधीच लिहिलेला येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MODAK
```

गुरुवारपर्यंत जितके संदेश आले, तितकी खरी यादी. किती जणांनी बघितलं यापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो. सोमवारी बघणारे भरपूर आणि संदेश मोजकेच असतील, तर व्हिडिओ करमणूक म्हणून बघितला गेला. मग गुरुवारच्या व्हिडिओत तुलनेचं दृश्य आधी आणावं आणि मागणी व्हिडिओतच बोलून दाखवावी. रविवार जवळ आल्यावर दळण किती करायचं याचा अंदाजही याच यादीवरून बांधावा, कारण पिठी जास्त दळून ठेवली तर सणानंतर तिला गिऱ्हाईक नसतं.

हा साचा लोणचं, मेतकूट, शेवयांसारख्या वर्षभर मिळणाऱ्या, आधीच ओळखीच्या वस्तूंना आम्ही वापरत नाही. मुदत नसली की आठवड्याला अर्थ राहत नाही, आणि त्या वस्तूंना एक चांगला, सविस्तर व्हिडिओ पुरतो. त्याच ग्राहकांसमोर लगेच दुसऱ्यांदाही चालवू नये, सोमवारचा व्हिडिओ बघताच लोकांना रविवार कळतो. मोदकाच्या पिठीनंतर पुढची योग्य जागा दिवाळीच्या भाजणीची, आणि तिथे अडचण वेगळी दाखवायची आहे: तेलात विरघळणारी चकली.