देशी गाईची बाटली की रोजची पिशवी : ‘पचायला हलके’ या दाव्याला आधार किती?

पुण्यात गाईचे दूध घेऊ पाहणाऱ्यासमोर सध्या मुख्यतः दोन पर्याय असतात. एक म्हणजे डेअरीची नेहमीची पिशवी, जिच्यात बहुतेक वेळा होल्स्टीन किंवा जर्सी रक्ताच्या संकरित गाईंचे एकत्र केलेले दूध असते. दुसरा म्हणजे गीर, साहिवाल अशा देशी गाईंचे ‘ए२’ म्हणून विकले जाणारे बाटलीतले दूध, ज्याचा भाव पिशवीच्या साधारण दुप्पट आणि कधी कधी त्याहूनही अधिक असतो. आमच्या कोथरूडच्या घरात दोन्ही प्रकार नांदून गेले आहेत. चव, साय, तूप यांबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असणार, म्हणून मी ते बाजूला ठेवतो आणि फक्त पचनापुरते लिहितो, कारण जास्तीचे पैसे बहुतेक घरांत त्याच एका कारणासाठी मोजले जातात.

दाव्याचा पाया खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. दुधातील केसीन या प्रथिनाचा एक मोठा घटक म्हणजे बीटा-केसीन. त्याच्या २०९ अमिनो आम्लांच्या साखळीत ६७व्या जागी प्रोलीन असेल तर तो ए२ प्रकार आणि हिस्टिडीन असेल तर ए१. या एका बदलामुळे ए१ प्रकार पचताना त्या जागी साखळी सहज तुटते आणि बीसीएम-७ नावाचा सात अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो. आतड्यातील काही ग्राहींवर तो अफूवर्गीय द्रव्यांप्रमाणे काम करू शकतो, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावणे शक्य आहे. आपल्या देशी जातींमध्ये ए२ प्रकाराचेच प्राबल्य असल्याचे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या २००९ मधील पाहणीतही दिसले. मात्र ए२ म्हणजे देशी आणि ए१ म्हणजे विदेशी अशी सरळ वाटणी नाही. होल्स्टीन गाईंमध्ये दोन्ही प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतात, म्हणजे पिशवीतल्या दुधातही ए२ भरपूर असते. त्यात ए१ मिसळलेले असते, एवढाच फरक.

आता माणसांवरचे पुरावे. ऑस्ट्रेलियात ४१ जणांवर झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चीनमध्ये ४५ प्रौढांवर झालेला २०१६ मधील आणि ६०० जणांवर झालेला २०१७ मधील असे आणखी दोन आहेत. चीनमधील ४५ जणांना काही दिवस दोन्ही प्रकारचे बीटा-केसीन असलेले दूध आणि काही दिवस निव्वळ ए२ दूध देण्यात आले. मिश्र दुधाच्या काळात पोट फुगणे आणि पोटात गुडगुडणे अधिक जाणवले आणि अन्न आतड्यातून पुढे सरकायलाही अधिक वेळ लागला. ६०० जणांच्या अभ्यासातही निव्वळ ए२ दुधानंतर तक्रारी कमी नोंदल्या गेल्या. त्यामुळे ‘हे सगळे जाहिरातीचे खूळ आहे’ असे म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही.

परंतु हे अभ्यास वाचताना दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली म्हणजे चीनमधील अभ्यासांना ए२ दूध विकणाऱ्या कंपनीचेच अर्थसाहाय्य होते. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण तसाच निष्कर्ष स्वतंत्रपणे आणि पुनःपुन्हा निघण्याची वाट पाहावी लागते. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे : या प्रयोगांत तुलना प्रथिनाच्या दोन प्रकारांची होती, गीर आणि होल्स्टीन या जातींची नव्हे. ‘गीर गाईचे दूध पचायला हलके’ हे वाक्य त्या पुराव्याच्या एक पाऊल पुढे जाऊन उच्चारले जाते. मधुमेह, हृदयविकार यांच्याशी ए१ चा संबंध जोडणारे दावे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असे सांगितले, म्हणून त्यांचा विचार मी इथे करत नाही.

पचनाच्या तक्रारीमागे अधिक वेळा जो घटक असतो, तो मात्र बाटलीत आणि पिशवीत सारखाच आहे. तो म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. कोणत्याही जातीच्या गाईच्या दुधात ती साधारण पावणेपाच ते पाच टक्के असते. ती फोडणारे विकर लहानपणी भरपूर तयार होते, पण आपल्याकडच्या पुष्कळ लोकांत वयाबरोबर त्याचे प्रमाण उतरते. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जिवाणू ती आंबवतात, वायू तयार होतो आणि पोट फुगते. अडीचशे मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज येते, आणि विकर कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी एवढी मात्रा फारसा त्रास न होता चालते. त्यापुढे मात्र तक्रारी सुरू होऊ लागतात, आणि काहींना त्याहून कमी मात्रेतही होतात. चहात पन्नास-साठ मिलिलिटर दूध पडते, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास. ज्याला चहा निमूटपणे पचतो पण रात्रीचा पेलाभर दूध पचत नाही, त्याने आधी या साखरेकडे बोट दाखवावे असे मला वाटते.

संशय प्रथिनावर घ्यावा की साखरेवर, हे ओळखण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच दोन चांगल्या खुणा आहेत, आणि त्यांची आठवण सहसा कोणी करून देत नाही.

पहिली खूण म्हशीचे दूध. आपल्या म्हशींमध्ये बीटा-केसीन ए२ प्रकारचेच असल्याचे आढळले आहे, त्यामुळे नेहमीच्या दरात मिळणारी म्हशीच्या दुधाची पिशवी हेसुद्धा ए२ दूधच झाले. तिने जर पोट तेवढेच फुगत असेल, तर दोष ए१ वर टाकता येत नाही. अर्थात म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने कोणाला जडपणा त्यामुळेही वाटू शकतो, म्हणून ही खूण साय काढून पाहिली तर अधिक बोलकी ठरते.

दुसरी खूण पनीर. पिशवीतले गाईचे एक लिटर दूध लिंबाने फाडून गाळले की केसीन, म्हणजे ए१ सुद्धा, जवळजवळ सगळे चोथ्यात राहते, आणि लॅक्टोजचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो. असे पनीर तिखट-मसाला न घालता, नुसते मीठ लावून, त्यातले निम्मे एका वेळी खाल्ले तर दोन पेल्यांतले प्रथिन पोटात जाते, पण साखर थोडीच जाते. ते सुखाने पचले आणि एक पेला दूध मात्र पचले नाही, तर प्रथिनापेक्षा साखरेवरचा संशय बळावतो. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे. पक्के उत्तर हवे असेल तर श्वासातील हायड्रोजन मोजणारी चाचणी पोटविकारतज्ज्ञांकडून करून घेता येते. पण दुप्पट दर मोजण्याआधी एवढे करून पाहायला काय हरकत आहे?

आमच्याकडे पनीरही निमूट पचले आणि दहीही. बाटली सुरू झाल्यावर आईला हलके वाटले होते, आणि तिचे ते वाटणे मी अजिबात नाकारत नाही. मात्र त्याच वेळी दुधाचा पेलाही लहान झाला होता. अर्ध्या लिटरची महाग बाटली सगळ्यांत वाटायची, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी दूध येत असे, आणि दूध कमी म्हणजे लॅक्टोजही कमी. नंतर पत्नीने दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत, सारख्याच मापाने, कोणते दूध कोणते हे न सांगता आलटून पालटून दिले, तेव्हा आईला फरक ओळखता आला नाही आणि माझे पोट दोन्हींनी सारखेच तक्रार करत राहिले. एका घराचा अनुभव सगळ्यांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही, पण माप सारखे ठेवल्याशिवाय ही तुलना करू नये, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

तरीही मी बाटली कदाचित चालू ठेवली असती. ती बंद करण्याचे खरे कारण वेगळे होते आणि ते आजही मला सलते. दूध ए२ आहे हे घरी कळण्याचा कोणताही मार्ग नाही. पाणी घातले असेल तर लॅक्टोमीटरवरून काही अंदाज येतो, स्निग्धांश डेअरीत मोजून मिळतो, दूध जुने झाले असेल तर तापवताना नासते. ए२ मात्र रंगावरून, वासावरून किंवा सायीवरून ओळखता येत नाही; त्यासाठी गाईच्या केसांच्या मुळांची किंवा रक्ताची जनुकीय तपासणी करावी लागते, आणि कळपात एक जरी ए१ धारण करणारी गाय असली तरी एकत्र केलेल्या दुधात ते प्रथिन उतरते. आमच्या पुरवठादाराला मी तपासणीचा अहवाल मागितला तेव्हा गोठ्याचे फोटो आले, गाईंची नावे आली, एकदा येऊन पाहण्याचे अगत्याचे आमंत्रणही आले. अहवाल मात्र आला नाही. गोठ्यात उंच वशिंडाच्या गाई उभ्या असल्या, तरी मागच्या पिढीत जर्सी वळू लागला होता की नाही हे फोटोवरून समजत नाही. ज्या गुणासाठी दुप्पट पैसे द्यायचे, तो गुण केवळ विश्वासावर घ्यायचा, हे मला रोज सकाळी टोचू लागले.

नियमांचीही या बाबतीत मदत होत नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी विक्रेत्यांना ए१, ए२ असे दावे वेष्टनांवरून काढण्यास सांगितले आणि २६ ऑगस्टला, संबंधितांशी आणखी विचारविनिमय करण्यासाठी, ती सूचना मागे घेतली. म्हणजे बाटलीवरची अक्षरे तशीच राहिली.

आमच्या घरी आता गाईच्या दुधाची साधी पिशवी येते. चहाला ती पुरते आणि उरलेल्या दुधाचे रात्री विरजण लागते. दह्यात लॅक्टोज काही प्रमाणात कमी झालेले असते आणि त्यातील जिवाणू उरलेली साखर फोडायलाही मदत करतात, म्हणून दुधापेक्षा ते मला बरे पडते. ज्यांना पेलाभर दूधच हवे असते त्यांच्यासाठी लॅक्टोजमुक्त दुधाचा खोका मिळतो. साखर आधीच फोडलेली असल्याने ते किंचित गोड लागते, पण त्रास लॅक्टोजचा असेल तर नेमक्या कारणावर इलाज करणारा पर्याय तोच आहे. ज्यांना साय काढलेले म्हशीचे दूध सुखाने पचते आणि तेवढ्याच मापाचे गाईचे पिशवीतले दूध पचत नाही, अशांनी मात्र ए२ ची बाटली जरूर आजमावावी. दाव्यातला खरा अंश सापडलाच तर तो त्यांच्या बाबतीत सापडेल. फक्त पुरवठादाराकडून प्रत्येक गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकासह जनुकीय तपासणीचा अहवाल मागावा. ज्या मुलाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्याच्यावर मात्र यातले काहीही करून पाहू नये, कारण ए२ दुधातही ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने असतातच.