खालची ओळ की वाक्यातलीच अट?

म्युच्युअल फंडाची किंवा विम्याची पोस्ट टाकताना जोखमीची सूचना द्यायची, हे आपल्या धंद्यात कुणाला नव्याने सांगायला नको. अडतं ते ती कुठे द्यायची इथे. एक रीत म्हणजे ठरलेली ओळ, 'गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे, योजनेची सर्व कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा', एआरएन क्रमांकासह पोस्टच्या तळाशी टाकायची. दुसरी रीत म्हणजे मुख्य वाक्यच असं लिहायचं की त्यातली अट काढली तर वाक्यच उरणार नाही. रत्नागिरीत वितरक म्हणून काम करताना मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत.

तळाच्या ओळीची सोय मोठी आहे. शब्द ठरलेले असतात, चूक होत नाही, एकदा साचा केला की रोज नव्याने विचार करावा लागत नाही. फक्त नियमापुरतं बघायचं तर तीच रीत पुरेशी वाटेल. मलाही बरीच वर्षं वाटत होती.

मग एका गणपतीत पावसचे एक काका घरी आले. चहा घेता घेता त्यांनी मोबाइल पुढे केला. माझीच पोस्ट होती, पण अर्धी. मोठ्या अक्षरांत 'दरमहा ५,००० रुपये, १५ वर्षांत २५ लाख', आणि खालचा भाग कापलेला. मुंबईच्या पुतण्याने स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. काका म्हणाले, "अरे, तूच लिहिलंयस ना? मी पोरीच्या लग्नाला पंचवीस धरूनच चाललोय."

तो २५ लाखांचा आकडा १२ टक्के परतावा गृहीत धरून काढलेला होता आणि तेवढंच मी खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी कागद घेतला. भरायचे एकूण ९ लाख. १२ टक्क्यांनी साधारण २५ लाख होतात, ८ टक्क्यांनी साडेसतरा लाखांच्या आत राहतात, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीही होऊ शकतात. काका बराच वेळ त्या साडेसात-आठ लाखांच्या फरकाकडे बघत बसले. सूचना मी दिली होती, पण ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

पोस्ट आपल्या हातून सुटली की तिचे तुकडे होतात. फोटोखाली लिहिलेला मजकूर पुढे पाठवताना गळतो, चित्राची कड कापली जाते, आणि लोकांच्या लक्षात आकडा तेवढा राहतो. या एका त्रासापायी मी रीत बदलली.

आता पुढे किती होतील हा आकडा मी पोस्टमध्ये टाकतच नाही. लिहितो ते असं: 'दरमहा ५,००० भरलेत तर १५ वर्षांत तुमचे ९ लाख जातील, त्यांचे किती होतील हे त्या वेळचा बाजार ठरवेल, कमीही होऊ शकतात.' यातलं अर्धं वाक्य कापलं तरी कुणाला आश्वासन सापडत नाही. दोन-तीन दरांचा हिशेब समोर बसून करतो. तळाची ओळ तरीही असतेच, तिला पर्याय नाही. आणि मी वितरक आहे, सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही, म्हणून नावापुढे 'गुंतवणूक सल्लागार' लावत नाही.

विम्यात गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे 'हमी' हा शब्द काही योजनांत खरा असतो, पण त्याला अट चिकटलेली असते. लाभाच्या तक्त्यात हमीचे आणि बिनहमीचे आकडे वेगळे दाखवलेले असतात. ४ आणि ८ टक्क्यांचे रकाने ही फक्त गृहीतकं आहेत, ना किमान ना कमाल. ८ टक्क्यांचा रकाना उचलून पोस्ट केली तर खाली कितीही ओळी लिहा, वाचणाऱ्याच्या मनात तीच रक्कम बसते. 'हमीची रक्कम' एवढंच लिहिण्यापेक्षा 'सगळे हप्ते वेळेवर भरले तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम' हे मला बरं वाटतं. विम्याची स्वतः बनवलेली जाहिरात कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय टाकायची नसते. मंजूर मजकूर असेल तर त्यातले शब्दही बदलायचे नाहीत, त्यामुळे तिथे मोकळीक कमीच.

नव्या रीतीचा तोटाही सांगतो. पोस्ट वाचून येणारे फोन कमी झाले, निदान मला तसं जाणवलं. ज्यांना रोज पोस्ट टाकून नवीन माणसं जोडायची आहेत त्यांना पहिली रीत सोयीची वाटेल, आणि त्यांचं अगदी चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण आता जे येतात ते 'किती मिळतील?' याच्या आधी 'कमी झाले तर काय करायचं?' असं विचारतात. पावसच्या काकांनी लग्नासाठी लागणाऱ्या रकमेतला मोठा भाग मुदत ठेवीत ठेवला, एसआयपी २,००० वर आणली, आणि ती अजून चालू आहे.