‘२००+ निवड’ की ‘९ निवड’? यूपीएससी क्लासच्या वेबसाइट कशा वाचाव्यात

समजा, दोन वेबसाइट समोर आहेत. पहिलीवर टॉपरच्या फोटोंची भिंत आणि ‘२००+ निवड’. दुसरीवर नऊच नावं, पण प्रत्येक नावाखाली रँक, वर्ष आणि त्यानं कोणती बॅच केली तेही लिहिलेलं. दीड-दोन लाख भरून फाउंडेशन बॅच घ्यायची असेल, तर मी दुसरीला आधी फोन करेन.

कारण मोठा आकडा बहुधा शेवटच्या टप्प्यावर गोळा होतो. प्रिलिम्स आणि मेन्स पास झालेल्यांना क्लास मॉक इंटरव्ह्यूला बोलावतात, बरेचदा फुकट. जागांच्या साधारण दुप्पट-अडीचपट मुलं मुलाखतीला असतात. म्हणजे पाचशे जणांचे मॉक घेतले, तर क्लासनं काहीही न शिकवता दोनशेच्या आसपास निवडी त्याच्या खात्यात पडतात. शिवाय एकच मुलगा तीन-चार ठिकाणी मॉक देतो, म्हणून त्याचा फोटो तितक्याच वेबसाइटवर हसताना दिसतो.

२०२२ च्या परीक्षेचंच बघा. आयोगानं ९३३ जणांची शिफारस केली. वाजीराव अँड रेड्डीनं त्यातले ६१७ आपले सांगितले, दृष्टी आयएएसनं २१६ हून जास्त. दोघांचेच मिळून आठशेच्या वर! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तपासल्यावर ६१७ चे ६१७ मुलाखत मार्गदर्शनाचे निघाले आणि २१६ पैकी १६२ मोफत मुलाखत कार्यक्रमाचे. पहिल्यांना ७ लाख दंड, दुसऱ्यांना ५ लाख.

याच प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यशस्वी उमेदवाराच्या फोटोसोबत रँक, कोर्स, त्याचा कालावधी आणि तो पैसे भरून केला का, हे सांगायला हवं. उमेदवाराची लेखी संमतीही निवड झाल्यानंतरच घ्यायची. पहिल्या वेबसाइटवर ही माहिती कुठंच नसेल, किंवा पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असेल, तर आकडा सोडून द्या.

अर्थात दुसरीचे नऊही आपोआप चांगले ठरत नाहीत. फोनवर विचारा, ‘यांतले फाउंडेशनचे किती, आणि त्यांच्या बॅचमध्ये एकूण किती मुलं होती?’ नऊपैकी सहा फाउंडेशनचे आणि त्या बॅचमध्ये १२० मुलं, म्हणजे शंभरात पाच. या परीक्षेत हे फार चांगलं. तेच सहा १५०० मधून आले असतील तर हजारात चार. समोरच्यानं ‘सर, आधी डेमो लेक्चरला या’ म्हणत विषय बदलला, तर संख्या त्याला सांगायची नाही असं समजा. नावं आयोगाच्या अंतिम निकालाच्या पीडीएफशी ताडून घ्या, आणि त्याच उमेदवाराची यूट्यूबवरची मुलाखत शोधा. कुठं काय केलं ते बरेच जण स्वतःच सांगतात.

मेन्स निघाली असेल तर मात्र मी पहिलीकडेच जाईन. मॉक फुकट आहेत, पॅनेलवर निवृत्त अधिकारी असतात, आणि तिथं आपल्याला हवं ते एवढंच.