उजवीकडचा उजेड: इजेचा नकाशा घ्यावा की एफएमआरआय?

पक्षाघाताने गेलेली वाचा काही महिन्यांत थोडीफार परत येते. भाषा बहुतेकांत डाव्या अर्ध्या मेंदूत असते. मग ती वाचा डावीकडच्या उरल्यासुरल्या भागाने आणली की उजव्या अर्ध्या मेंदूने काम उचललं? सोलापुरात राहून यावर प्रबंध करायचा आणि इजेचा नकाशा व एफएमआरआय या दोन्ही पद्धती परवडत नसतील, तर आधी प्रत्येकीला काय दिसतं ते पाहा.

इजेच्या नकाशातून कळतं की कोणता भाग गेल्यावर काम अडतं. अडचण अशी की गुठळी मेंदूच्या कामाची वाटणी पाहून अडकत नाही. रक्तवाहिनीच्या हद्दीतलं सगळं एकदम जातं आणि दोष भलत्याच शेजाऱ्यावर येतो. फ्रेंच डॉक्टर ब्रोकांनी १८६१ मध्ये तपासलेल्या, वाचा गेलेल्या रुग्णाचा जतन केलेला मेंदू पुढे एमआरआयमध्ये ठेवला, तेव्हा इजा आतल्या तंतूंपर्यंत खोल गेलेली आढळली. नकाशा काढताना इजेची कड एमआरआयच्या एकेका स्लाइसवर हाताने आखायची आणि मेंदू प्रमाण साच्यावर बसवताना तेवढा भाग झाकायचा. झाकला नाही तर सॉफ्टवेअर धड ऊतक ओढून खड्डा बुजवतं. इजेचा एकूण आकारही हिशेबात धरा. मोठ्या इजेत सगळंच बिघडतं.

एफएमआरआयमध्ये काम करताना कोणता भाग जागा होतो ते तिथल्या रक्तप्रवाहावरून दिसतं. समजा, रुग्णाला चादरीचं चित्र दाखवलं. तो ‘चा… चा…’ करत अडखळला आणि उजव्या कपाळामागचा मेंदूचा भाग उजळला. ही भरपाईच, असं लगेच लिहू नका. तो नुसता जोर लावत असेल, बोलताना डोकं हललं असेल, किंवा डावीकडचा लगाम सुटल्याने उजवी बाजू उगाच चाळवली असेल. म्हणून बरोबर आणि चुकलेली उत्तरं वेगळी मोजा. उलट, डावीकडे अंधार म्हणजे भाग मेला असंही नाही. एरवी रक्तप्रवाहाचा प्रतिसाद पाचसहा सेकंदांत शिखर गाठतो. मानेतली धमनी अरुंद असेल तर तो उशिरा येतो आणि नेहमीच्या गणितातून निसटतो.

उजवी बाजू खरंच कामाची होती का, हे ती बंद पडल्यावरच कळतं. इंग्लंडमधले डॉक्टर बार्लो यांनी १८७७ मध्ये नोंदवलेल्या दहा वर्षांच्या मुलाची वाचा डावीकडच्या इजेने गेली, परत आली आणि नंतर उजवीकडे इजा झाल्यावर पुन्हा गेली. आज चुंबकीय उत्तेजनाने तो भाग थोडा वेळ मंदावून पाहता येतो. नाव सांगणं बिघडलं तर भरपाई खरी. सुधारलं तर तो अडथळाच होता. काही रुग्णांत असं सुधारलेलं आढळलं आहे.

माझा कौल इजेच्या नकाशाला. साधा एमआरआय बऱ्याच रुग्णांच्या फाइलमध्ये असतो. फक्त पहिल्या दिवसांतला घेऊ नका. तेव्हा सूज असते आणि कड फसवते. एफएमआरआय तेव्हाच घ्या, जेव्हा तोच रुग्ण दोनदा, काही महिन्यांच्या अंतराने, मिळणार असेल.

आणि चाचणी घरच्या भाषेत घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक विणकराला तेलुगूत सुचणारं नाव मराठीत अडलं, तर तो दोष इजेच्या नावावर चढतो.